मासूम, पण निरागस नव्हे

प्रश्न: शिया लोक आपल्या बारा इमामांना 'मासूम' म्हणतात असं वाचलं. मासूम म्हणजे निरागस ना? मग मोठ्या, कर्त्या माणसांना हा शब्द कसा? आणि मशिदीत नमाज पढवतात ते इमाम वेगळे का?

दर मोहरमला कुठे ना कुठे 'निरागस इमाम' छापून येतं आणि माझं डोकं उठतं. बाळाच्या गालाचा मासूमपणा फारसी-उर्दूतून आपल्याकडे आला. माझा तर्क असा, की ज्याच्या खात्यावर अजून पाप मांडलेलंच नाही ते मूल, एवढ्यावर तिथे शब्द आकसला. (गंमत म्हणजे 'निरागस'चंही तेच झालं. संस्कृतात 'आगस्' म्हणजे अपराध. तोही पाळण्यात जाऊन पडला.)

अरबी मूळ 'असम' म्हणजे रोखून धरणं, राखणं. पखालीच्या दोरीला 'इसाम' म्हणतात. कुराणात महापुराच्या वेळी नूह पैगंबरांचा मुलगा म्हणतो, मी डोंगरावर चढेन, तो मला पाण्यापासून राखेल. तिथलं क्रियापद याच धातूचं आहे. मासूम म्हणजे राखला गेलेला. आणि राखण्याची गरज त्यालाच, जो बुडू शकतो.

बगदादचे शिया पंडित शेख मुफीद (मृत्यू १०२२) नेमकं हेच धरतात. बुडणाऱ्याकडे दोर टाकला आणि त्याने तो घट्ट धरला, तर त्या दोराला 'इस्मत', म्हणजे मासूमपण, म्हणायचं. देवाची कृपा आहे, पण हात माणसाचा आहे. पाप करण्याची ताकद काढून घेतलेली नाही; तशी घेतली असती तर पाप न करण्यात कौतुक कसलं? म्हणून 'इमाम पाप करूच शकत नाही' हे वाक्य ढिलं आहे. 'करू शकतो, पण करत नाही' हे बरोबर.

ही इस्मत हवीच कशाला? तेराव्या शतकातले शिया पंडित नसीरुद्दीन तूसी यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: लोक चुकतात म्हणून इमाम लागतो. इमामही चुकणारा असेल तर त्याला सावरायला दुसरा इमाम हवा, त्याला तिसरा, आणि ही साखळी संपायचीच नाही. कुठेतरी न चुकणाऱ्यापाशी थांबावं लागतं.

आता माझ्या आवडीचा शब्द. इस्मत आत असते, बाहेरून दिसत नाही. वरवर सज्जन दिसणाऱ्याच्या मनात काय आहे हे मतदाराला कळत नाही, पंचांना कळत नाही. म्हणून शिया विद्वान म्हणतात, इमाम निवडता येत नाही. ज्याला अंतरंग कळतं त्या देवानेच तो सांगायला हवा, पैगंबराच्या किंवा आधीच्या इमामाच्या तोंडून. या नेमणुकीला 'नस्स' म्हणतात. कोशात नस्सचा मूळ अर्थ उचलून वर धरणं, दिसेल असं करणं. हरिणीने मान उंचावली तरी हेच क्रियापद. नवरीला सगळ्यांनी पाहावं म्हणून बसवायचा उंच मंच म्हणजे 'मिनस्सा'. झाकलेलं उचलून दाखवणं! आणि गदीर खुममध्ये, हिजरी सन १० मध्ये, हजहून परतताना पैगंबरांनी उंटांच्या खोगिरांच्या व्यासपीठावरून अलींचा, म्हणजे शियांच्या पहिल्या इमामांचा, हात खरोखरच वर उचलला. म्हणाले, 'मी ज्याचा मौला, अलीही त्याचा मौला.' हा योगायोग मला सोडवत नाही, मग कोणी काही म्हणो.

म्हणतातही. शिया मौलाचा अर्थ धनी असा घेतात आणि हीच अलींची नेमणूक मानतात. सुन्नी विद्वान सांगतात, मौला म्हणजे मित्र, पाठीराखा. शिया उत्तर देतात, की त्याआधी पैगंबरांनी विचारलं होतं, 'तुमच्यावर तुमच्या स्वतःपेक्षा माझा अधिकार जास्त नाही का?' अधिकाराचा प्रश्न विचारून पुढे नुसती मैत्री जाहीर करायची, हे मलाही विचित्र वाटतं. पण हात उंच धरूनही इथे अनुमान करावं लागतंच. म्हणून शरीफ मुर्तजांसारखे जुने शिया पंडित गदीरचं वाक्य त्या नस्समध्ये धरतात, ज्याचा अर्थ तर्काने काढावा लागतो. 'हे तर उघड आहे' म्हणणाऱ्या आजच्या वक्त्यांनी ते वाचावं.

सुन्नी पंडित फखरुद्दीन राझींनी तर भलतीच चाल केली. 'तुमच्यातल्या अधिकाऱ्यांची आज्ञा पाळा' या कुराणातल्या आयतीवर ते मान्य करतात, की बिनशर्त आज्ञा पाळायची तर आज्ञा देणारा मासूमच हवा. पण तो कोणी एक माणूस नव्हे, समाजाचं एकमत! अर्धा डाव शियांना देऊन राझी उठून गेले. चुकू शकणाऱ्या शंभर माणसांची बेरीज न चुकणारी कशी होते, हे मला कळलेलं नाही.

हे सगळं बाराइमामी पंथाचं. जैदी शिया इस्मत इमामपदाची अट मानत नाहीत. आणि नमाज पढवणारा इमाम? 'इमाम' म्हणजे पुढे असणारा, तो रांगेच्या पुढे उभा राहतो. बाराइमामी फिकहमध्ये, म्हणजे धर्मनियमांच्या शास्त्रात, त्याला अदालत, म्हणजे सचोटी, लागते. इस्मत लागत नाही.