नोटमधलं कुठलं वाक्य कुणाचं?

*मॅडम, मी डोंबिवलीची. यंदा मायक्रोबायॉलॉजीत बीएस्सी झाले. परळच्या एका पॉलिक्लिनिकमध्ये रेकॉर्ड असिस्टंटची जागा आहे. त्यांनी डॉक्टरांच्या जुन्या व्हिजिट नोट्सचे प्रिंटआउट दिलेत आणि सांगितलंय, 'या सोप फॉरमॅटमध्ये लावून आण, मग बघू.' फॉरमॅट समजला, पण कुठलं वाक्य कुठे टाकायचं यात अडकते. मी डॉक्टर नाही, मग हे मी करावं का? आणि यात पुढे काही आहे, की नुसतं टायपिंग? — एक विद्यार्थिनी*

आधी एक काम कर. त्या प्रिंटआउटवर रुग्णांची नावं, मोबाइल नंबर किंवा केस नंबर दिसत असतील तर ते कागद घरी ठेवू नकोस आणि फोटो काढून मैत्रिणीला 'हे कुठे टाकू?' असं तर मुळीच विचारू नकोस. क्लिनिकला फोन कर आणि नावं खोडलेल्या प्रती माग, नाहीतर तिथेच बसून करते म्हणून सांग. २०२३चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आहेच, पण तो नसता तरी माझं म्हणणं हेच असतं.

आता तुझा प्रश्न. डॉक्टर नसलेल्या माणसाने हे काम करायला हरकत नाही. अट एकच: तू लावलेली नोट संबंधित डॉक्टरांनी वाचून मान्य केली पाहिजे. तुला निदान करायचं नाही, झालेलं निदान सुधारायचंही नाही. डॉक्टरांनी घाईत एका दमात लिहिलेलं सोपच्या चार खणांत, म्हणजे एस, ओ, ए, पीमध्ये नीट ठेवायचं आहे.

तू अडकतेस, कारण बहुधा वाक्याच्या विषयावरून खण ठरवतेस. पण एकाच नोटमध्ये 'शुगर' चारही खणांत येऊ शकते. त्यामुळे प्रत्येक वाक्याला विचार, हे कुणाकडून आलं? रुग्णाने किंवा नातेवाइकांनी सांगितलं ते सब्जेक्टिव्ह, म्हणजे एस. डॉक्टरांनी मोजलं, हाताने तपासलं किंवा रिपोर्टवर डोळ्यांनी पाहिलं ते ऑब्जेक्टिव्ह, ओ. त्यावरून डॉक्टरांचं जे मत झालं ते असेसमेंट, ए. आणि पुढे जे करायचं किंवा टाळायचं ठरलं तो प्लॅन, पी.

आपण एक नोट लावून बघू. ही मी शिकवण्यासाठी रचलेली आहे, पण मुंबईतल्या कुठल्याही ओपीडीत अशीच दिसेल:

> ५४, पुरुष. डायबेटिस ८ वर्षं, मेटफॉर्मिन ५०० बीडी चालू. ३ आठवडे थकवा, रात्री वारंवार लघवी. छातीत दुखत नाही. घरी सकाळची शुगर २१० येते म्हणतात. बीपी १४८/९२, पल्स ८४. छाती क्लिअर, पायाला सूज नाही. एचबीए१सी ९.१, मागच्या आठवड्याचा रिपोर्ट पाहिला. शुगर अनकंट्रोल्ड, ? हायपरटेन्शन. मेटफॉर्मिन १००० बीडी. ग्लिमेपिराइड नको, मागे शुगर लो झाली होती. क्रिएटिनिन, लघवीत अल्ब्युमिन. बीपी पुन्हा. २ आठवड्यांनी.

पहिल्या तीन वाक्यांत काही अडचण नाही, ती एसमध्ये जातात. 'छातीत दुखत नाही' हेसुद्धा एसच, कारण डॉक्टरांनी विचारलं आणि रुग्णाने नाही म्हटलं. नकार आहे म्हणून ते गाळायचं नाही. उद्या याच माणसाला छातीत दुखलं, तर आज दुखत नव्हतं याची नोंद लागते.

पुढच्या वाक्यात बरेच जण चुकतात. घरची शुगर २१०. आकडा दिसला की हात ओकडे जातो. पण हा आकडा क्लिनिकमध्ये कुणी मोजलेला नाही. यंत्र कुठलं, पट्टी मुदतीतली होती का, चहा आधी झाला होता का, काहीच माहीत नाही. 'येते म्हणतात' असं डॉक्टरांनी मुद्दाम लिहिलंय, म्हणून ते एसमध्ये आणि 'म्हणतात'सकट. याउलट एचबीए१सी ९.१ हा ओमध्ये, कारण 'रिपोर्ट पाहिला' असं स्पष्ट आहे. तेच डॉक्टरांनी 'एचबीए१सी ९च्या पुढे होता म्हणतात' असं लिहिलं असतं, तर तो एसमध्ये गेला असता. आणि रिपोर्टची तारीख कॅलेंडर बघून तू काढायची नाहीस. 'मागच्या आठवड्याचा' असंच ठेव आणि डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची वेगळी यादी करून त्यात लिही, 'तारीख?'

'पायाला सूज नाही' हे रुग्णाचं वाक्य की डॉक्टरांनी बोट दाबून पाहिलेलं? इथे ते पल्स आणि छातीच्या तपासणीला लागून आलंय, म्हणून ओ. थकव्याच्या ओळीत आलं असतं, तर एस. जागेवरूनही कळत नसेल, तर अंदाज न करता प्रश्नांच्या यादीत टाक.

आता मेटफॉर्मिन. ते दोनदा आलंय आणि दोन्ही खरं आहे. ५०० बीडी, म्हणजे दिवसातून दोनदा, हे आजपर्यंतचं औषध, ते एसमध्ये. १००० बीडी हा आजचा निर्णय, तो पीमध्ये. नवखी मुलं दोन्ही जागी एकच डोस करून टाकतात, विसंगती दिसू नये म्हणून. मग पुढच्या डॉक्टरांना वाटतं की १००० चालू असूनही शुगर वाढलीये, आणि ते औषध आणखी वाढवतात.

माझ्या मते या नोटमधलं सगळ्यात मोलाचं वाक्य ग्लिमेपिराइडचं, म्हणजे शुगर कमी करणाऱ्या दुसऱ्या एका औषधाचं आहे. एका ओळीत दोन गोष्टी आहेत. मागे शुगर लो झाली होती, ही रुग्णाची हकीकत, म्हणून एस. हे औषध द्यायचं नाही, हा निर्णय, म्हणून पी. आख्खं वाक्य एसमध्ये टाकलंस तर निर्णय हरवतो. आख्खं पीमध्ये टाकलंस तर सहा महिन्यांनी दुसरे डॉक्टर पूर्वेतिहास वाचतील आणि त्यांना शुगर लो झाल्याचं दिसणारच नाही. वाक्य तोडायचं, पण दोन्ही तुकडे जपायचे. मात्र शुगर ग्लिमेपिराइडमुळेच लो झाली, असं नोटमध्ये लिहिलेलं नाही. तसा अर्थ निघतो हे खरं, पण एसमध्ये फक्त 'मागे शुगर लो झाली होती' एवढंच जाईल.

ए खणात दोन मतं आहेत, ती वेगवेगळ्या ओळींत लिही. ही चार खणांची पद्धत १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या डॉ. लॉरेन्स वीड यांच्या मांडणीतून आली, आणि त्यांचा भर रुग्णाच्या प्रत्येक समस्येची नोंद वेगळी राहावी यावरच होता. 'शुगर अनकंट्रोल्ड' ही एक, '? हायपरटेन्शन' ही दुसरी. ते प्रश्नचिन्ह जिवापाड सांभाळ. बीपी एकदाच १४८/९२ आलंय. एवढ्यावर सहसा हायपरटेन्शनचा शिक्का मारत नाहीत, वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजतात. म्हणून तर पीमध्ये 'बीपी पुन्हा' आहे. तू चिन्ह गाळलंस की रेकॉर्डमध्ये त्या माणसाला कायमचा आजार चिकटतो, आणि इन्शुरन्सच्या फॉर्मपर्यंत तो त्याच्या मागे जातो.

क्रिएटिनिन आणि अल्ब्युमिनपुढे आकडे नाहीत आणि ते औषधांच्या नंतर आलेत, म्हणजे या करायला सांगितलेल्या तपासण्या आहेत, पी. डायबेटिस मूत्रपिंडावर परिणाम करतो आणि मूत्रपिंड फार कमी काम करत असेल तर मेटफॉर्मिन चालत नाही, हे तू वाचलेलं असेल. तरी ए खणात 'मूत्रपिंडाचा त्रास आहे का पाहणे' असं लिहायचं नाही. डॉक्टरांनी कारण दिलेलं नाही. त्या तपासण्या दोन समस्यांपैकी कुठल्या एकीखाली टाकायच्या हेही दिलेलं नाही. म्हणून 'तपासण्या' अशी वेगळी ओळ कर.

सगळं लावलं की नोट अशी दिसेल:

एस: ५४, पुरुष. डायबेटिस ८ वर्षं. चालू औषध मेटफॉर्मिन ५०० बीडी. ३ आठवडे थकवा, रात्री वारंवार लघवी. छातीत दुखत नाही. घरी सकाळची शुगर २१० येते म्हणतात. मागे शुगर लो झाली होती.

ओ: बीपी १४८/९२, पल्स ८४. छाती क्लिअर, पायाला सूज नाही. एचबीए१सी ९.१, मागच्या आठवड्याचा रिपोर्ट पाहिला.

ए: शुगर अनकंट्रोल्ड.
 ? हायपरटेन्शन.

पी: मेटफॉर्मिन १००० बीडी. ग्लिमेपिराइड नको.
तपासण्या: क्रिएटिनिन, लघवीत अल्ब्युमिन.
 बीपी पुन्हा. २ आठवड्यांनी.

मग तपासणी, दोन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत मूळ नोटमधल्या एकेका गोष्टीवर पेन्सिलने टिक कर आणि ती नव्या नोटमध्ये कुठे गेली ते शोध. यात सुटलेलं सापडतं. दुसरी फेरी उलटी: नव्या नोटमधला एकेक शब्द घे आणि मूळ नोटमध्ये तो कुठे आहे ते दाखव. यात वाढवलेलं सापडतं, आणि ते जास्त धोक्याचं असतं, कारण वाढवलेलं नेहमी पटण्यासारखं असतं. इथे सवयीने 'टाइप २ डायबेटिस' लिहिलं गेलं असतं. वय आणि औषध बघता ते खरंही असेल, पण नोटमध्ये 'टाइप २' नाही. तसंच एखाद्या नोटमध्ये तपासणीच लिहिलेली नसेल तर ओ खणात 'नोंद नाही' असं लिही, 'नॉर्मल' नाही. न तपासलेली छाती कागदावर क्लिअर झाली तर ती पुन्हा कुणी तपासत नाही.

संक्षेप उलगडताना नोट कुठल्या विभागातली आहे ते आधी बघ. औषधापुढे 'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा, पण डोळ्यांच्या ओपीडीत तेच 'उजवा डोळा' असू शकतं. खात्री नसेल तिथे अक्षरं आहेत तशीच ठेव.

पुढे काही आहे का, हे विचारलंस. यात नुसतं टायपिंग करणारी माणसं असतात, आणि ती तिथेच राहतात. ज्यांना वाक्य कुणाचं हे ओळखता येतं त्यांना तीन दिशांना जाता येतं. डॉक्टरांशेजारी बसून नोट लिहिणारे मेडिकल स्क्राइब, हॉस्पिटलचा मेडिकल रेकॉर्ड विभाग, आणि निदानांना आयसीडी-१०चे कोड देणारे मेडिकल कोडर. कोडिंगसाठी शरीररचना आणि औषधांची नावं पक्की लागतात. तुझ्या मायक्रोबायॉलॉजीमुळे लॅब रिपोर्ट वाचणं तुला सोपं जाईल, औषधं मात्र शून्यातून शिकावी लागतील. महागड्या कोर्सचे पैसे आत्ताच भरू नकोस. आधी वर्षभर नोट्स हाताळ, मग कुठली दिशा घ्यायची ते ठरव.

परळला जाशील तेव्हा लावलेल्या नोट्ससोबत प्रश्नांची यादीही दे. यादी लपवून सगळ्या नोट्स गुळगुळीत करून देणारी मुलगी मी तरी घेतली नसती. आणि त्यांना दोन गोष्टी विचार. मूळ नोट सिस्टीममध्ये तशीच राहते का, की माझी नोट तिच्यावर चढते? आणि माझ्या नोटवर सही कुणाची? मूळ नोट पुसली जाते किंवा सही कुणीच करत नाही असं उत्तर आलं, तर ही जागा घेऊ नकोस, दुसरी बघ.