उतारा ‘अर्ध्या टक्क्याने’ वाढला म्हणजे किती? टक्के आणि टक्केबिंदू

प्रश्न: वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या वार्षिक अहवालासाठी आलेख करतोय. सरासरी उतारा, म्हणजे गाळलेल्या उसाच्या वजनाच्या किती टक्के साखर निघाली तो आकडा, ११.५० टक्क्यांवरून १२.०० टक्क्यांवर गेला. मी ‘०.५० टक्के वाढ’ असं लिहिलं. हिशोब बघणारे म्हणतात, ‘४.३५ टक्के वाढ’ लिहा. बरोबर कोणतं? आणि पर्सेंटेज पॉइंटला मराठीत काय लिहायचं?

दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते वेगळ्या गोष्टी सांगतात. १२.०० मधून ११.५० वजा केले की ०.५० उरतात. ही दोन टक्केवारींची वजाबाकी झाली, तिचे एकक टक्केबिंदू. तेच ०.५० मूळच्या ११.५० ने भागले की ४.३५ टक्के येतात. ही आधीच्या उताऱ्याच्या तुलनेत झालेली वाढ, तिचे एकक टक्के. म्हणजे तुमचा आकडा योग्य आहे, त्याच्यापुढचा शब्द तेवढा बदलायला हवा: ‘०.५० टक्केबिंदूंनी वाढ’.

बोलण्यात हा प्रश्न सहसा येत नाही. सांगली-साताऱ्याच्या ऊसपट्ट्यात ‘उतारा अर्ध्या टक्क्याने वाढला’ म्हटले की ऐकणारा साडेअकराचे बारा झाले असेच समजतो, कारण उतारा किती असतो हे त्याला ठाऊक असते. रेपो दर ६.५० वरून ६.२५ झाला की आपण ‘पाव टक्क्याची कपात’ म्हणतो, त्यातही पाव टक्केबिंदूच अभिप्रेत असतो. या बोलीला मी चूक म्हणणार नाही. अडचण छापील आलेखात येते. तिथे शेजारच्या स्तंभावर ‘गाळप ८ टक्के वाढ’ असते आणि ती खरोखरची सापेक्ष वाढ असते. मग एकाच पानावर ‘टक्के’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो आणि कुठे कोणता अर्थ घ्यायचा हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग उरत नाही.

उताऱ्याच्या बाबतीत या गोंधळाला रुपयांत किंमत आहे, म्हणून तो हिशोब पूर्ण करून बघू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने एफआरपी, म्हणजे कारखान्याने ऊस उत्पादकाला द्यायचा किमान दर, ठरवली ती १०.२५ टक्के पायाभूत उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये. त्यावर उतारा दर ०.१ ने वाढला की ३.४६ रुपये जादा आणि दर ०.१ ने घटला की तेवढेच कमी. उतारा ९.५ किंवा त्याखाली गेला तरी दर ३२९.०५ रुपयांच्या खाली जात नाही. घोषणेत हे ‘०.१ टक्का’ असेच लिहिलेले असते, पण अर्थ टक्केबिंदूचा आहे, आणि ते त्याच घोषणेतल्या आकड्यांवरून सिद्ध करता येते. १०.२५ वरून ९.५० पर्यंत ०.७५ चा फरक आहे, म्हणजे ०.१ च्या साडेसात पायऱ्या. साडेसात गुणिले ३.४६ म्हणजे २५.९५, आणि ३५५ मधून २५.९५ गेले की नेमके ३२९.०५ उरतात. ‘०.१ टक्का’ सापेक्ष धरला असता तर एक पायरी १०.२५ च्या हजाराव्या भागाएवढी, म्हणजे जेमतेम ०.०१ ची झाली असती. मग त्याच फरकात ७३ पायऱ्या बसल्या असत्या आणि दर शंभर रुपयांच्या आसपास आला असता.

आता तुमचा उतारा याच दराने मोजू. ११.५० उताऱ्याला १०.२५ च्या वर साडेबारा पायऱ्या होतात, त्यांचे ४३.२५ रुपये, दर ३९८.२५. १२.०० उताऱ्याला साडेसतरा पायऱ्या, ६०.५५ रुपये, दर ४१५.५५. फरक क्विंटलला १७.३० रुपये, म्हणजे टनाला १७३ रुपये. तोडणी-वाहतूक यातूनच वजा होते, पण ती बाब वेगळी. आता एखाद्या सभासदाने तुमचे ‘०.५० टक्के वाढ’ हे शब्द अक्षरशः घेतले, तर ११.५० चा अर्धा टक्का ०.०५७५ होतो, नवा उतारा ११.५६ च्या जवळ, आणि टनामागची वाढ अवघी २० रुपयांच्या आसपास. १७३ आणि २० यांतला फरक फक्त त्या एका शब्दावर अवलंबून आहे. हिशोबनिसांचा ४.३५ हा आकडा इथे कामाचा नाही, कारण एफआरपीचा नियम वजाबाकीवर बांधलेला आहे.

पण त्यांचे म्हणणे टाकाऊही नाही. साखरेचे उत्पादन सांगायचे असेल तिथे त्यांचाच आकडा लागतो. समजा गाळप १०,००,००० टनांवरून १०,८०,००० टनांवर गेले, म्हणजे ८ टक्के वाढ. ११.५० उताऱ्याने आधी ११,५०,००० क्विंटल साखर झाली, १२.०० उताऱ्याने आता १२,९६,००० क्विंटल. ही वाढ १२.७ टक्के आहे. आलेख बघणारा जर ‘गाळप ८ टक्के वाढले, उतारा ०.५० टक्के वाढला’ असे वाचून ८.५ ची बेरीज करत असेल, तर उत्पादनाचा स्तंभ १२.७ वर का, हे त्याला उमगणार नाही आणि आकडे फुगवले आहेत अशी शंका तो घेईल. ८ टक्क्यांना ४.३५ टक्क्यांची जोड दिली, म्हणजे १.०८ ला १.०४३५ ने गुणले, की १.१२७ येतात आणि कोडे सुटते. तेव्हा उताऱ्यातील बदल पुढे गुणाकारात जाणार असेल तर टक्के, आणि दोन पातळ्यांतले अंतर सांगायचे असेल किंवा अंतरावर बेतलेला नियम लावायचा असेल तर टक्केबिंदू.

म्हणूनच गाळप, उतारा आणि साखर यांतली वाढ एकाच अक्षावर शेजारी-शेजारी स्तंभांनी दाखवू नका. ८, ०.५ आणि १२.७ असे स्तंभ काढले की उताऱ्याचा स्तंभ जमिनीलगत दिसतो आणि ‘उतारा वाढलाच नाही’ असा समज होतो. उताऱ्यासाठी वेगळा छोटा आलेख घ्या आणि त्यात बदलाऐवजी पातळी दाखवा, दोन हंगामांचे ११.५० आणि १२.०० हे बिंदू रेषेने जोडून. स्तंभच काढायचे असतील तर अक्ष शून्यापासून सुरू करा. तो ११ पासून सुरू केला तर १२.०० चा स्तंभ ११.५० च्या बरोबर दुप्पट उंच दिसतो, आणि खाली लेबल कितीही अचूक असले तरी डोळा दुप्पटच वाचतो.

ही चूक बहुतेक वेळा माणूस करत नाही, स्प्रेडशीट करते. B2 मध्ये 11.50% आणि C2 मध्ये 12.00% असताना वजाबाकीचे सूत्र लिहिले की एक्सेल त्या उत्तरालाही टक्क्याचे चिन्ह लावून 0.50% दाखवते, आणि आलेखाची डेटा लेबले तेच उचलतात. दोन्ही बदल वेगळ्या रकान्यांत असे काढा:

```
=(C2-B2)*100
=C2/B2-1
```

पहिल्या रकान्याला टक्क्याचे फॉरमॅट देऊ नका. कस्टम फॉरमॅटमध्ये `+0.00" टक्केबिंदू";-0.00" टक्केबिंदू"` असे लिहिले की लेबलात एकक आपोआप येते. शंभरने गुणायचे विसरलात तर तिथे +0.00 किंवा +0.01 टक्केबिंदू दिसेल, कारण आतली खरी किंमत ०.००५ आहे. त्यावरून चूक लगेच ओळखता येते. दुसऱ्या रकान्याला मात्र 0.00% हे फॉरमॅट बरोबर आहे. हे सगळे उतारा टक्क्यांच्या रूपात भरला असेल तर. काही जण नुसते 12 भरतात. तेव्हा शंभरने गुणायचे नाही. कोणती पद्धत आहे ते कळत नसेल तर त्या सेलचे फॉरमॅट जनरल करून बघा: 0.12 दिसले तर टक्के भरले आहेत, 12 दिसले तर साधा आकडा.

घट दाखवताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ११.५० वरून १२.०० ही वाढ ४.३५ टक्के, पण पुढच्या हंगामात १२.०० वरून पुन्हा ११.५० झाले तर ती घट ४.१७ टक्के, कारण भागाकार आता मोठ्या आकड्याने होतो. उतारा होता तिथेच आला, तरी दोन स्तंभ सारखे दिसत नाहीत. टक्केबिंदूंत मात्र +०.५० आणि –०.५० असे नेमके जुळतात. अनेक हंगामांचे चढउतार एका आलेखात द्यायचे असतील तर मी त्यासाठीच टक्केबिंदू निवडेन.

आता शब्द. ‘टक्केबिंदू’ जोडून लिहा. पहिल्यांदा येईल तिथे ‘टक्केबिंदू, म्हणजे दोन टक्केवारींमधील वजाबाकी’ एवढे स्पष्टीकरण पुरते. नुसते ‘पॉइंट’ मात्र अहवालात टाळा. आपण ११.५ हा आकडा ‘अकरा पॉइंट पाच’ असा वाचतो, त्यामुळे ‘पाच पॉइंटनी वाढ’ ऐकून कुणी ०.५ घेईल, कुणी ५. ‘अंक’ आणि ‘गुण’ या शब्दांना आधीच दुसरी कामे आहेत.

प्रत्ययही सांभाळा. ‘उतारा १२ टक्क्यांवर गेला’ ही पातळी आहे, ‘१२ टक्क्यांनी वाढला’ हा बदल. मथळा आखूड करताना ‘उतारा १२ टक्के वाढला’ असे होऊन बसते आणि त्यातून दोन्ही अर्थ निघतात. ‘-वर’ किंवा ‘-नी’ यांपैकी एक प्रत्यय मथळ्यात राहू द्या, त्यासाठी दुसरा एखादा शब्द गाळावा लागला तरी चालेल.

आणि उतारा कोणता हेही आलेखावर लिहा. हंगामाच्या सुरुवातीला ऊस पुरता पक्व नसतो, म्हणून रोजचा उतारा कमी असतो आणि थंडीत चढतो. हंगामअखेरची सरासरी वेगळीच असते. एका वर्षाची सरासरी दुसऱ्या वर्षाच्या जानेवारीतल्या रोजच्या उताऱ्याशी ताडून काढलेला फरक टक्केबिंदूंत लिहिला तरी निरर्थकच. शिवाय एखाद्या हंगामात रस, सिरप किंवा बी-हेवी मळी इथेनॉलकडे वळवली असेल, तर तेवढी साखर पोत्यात येत नाही आणि प्रत्यक्ष निघालेल्या साखरेवरून काढलेला उतारा घटतो. तिथे वळवलेली साखर धरून की न धरता, हे आकड्याशेजारीच सांगावे लागते.

तुमच्या आलेखासाठी मी मथळा असा देईन: ‘सरासरी साखर उतारा ११.५० वरून १२.०० टक्क्यांवर (०.५० टक्केबिंदूंनी वाढ)’. उभ्या अक्षावर ‘उतारा (गाळलेल्या उसाच्या वजनाच्या टक्के)’. आणि ४.३५ टक्के हा आकडा साखर उत्पादनाच्या परिच्छेदात घाला: ‘गाळप ८ टक्क्यांनी आणि उतारा आधीच्या उताऱ्याच्या तुलनेत ४.३५ टक्क्यांनी वाढल्यामुळे साखर उत्पादन १२.७ टक्क्यांनी वाढले.’ यातले ८ आणि १२.७ मी धरलेल्या गाळपावरून आले आहेत. त्या जागी तुमच्या कारखान्याचे आकडे टाका.