रिफंडची मुदत दुरुस्तीपासून नाही, ड्युटी भरल्यापासून

प्रश्न: वकीलसाहेब, माझं भोसरीत मशीनिंगचं युनिट आहे. जून २०२५ मध्ये जर्मनीहून समुद्रमार्गे मशीन मागवलं. न्हावा शेव्याला ड्युटी जास्त भरली गेली, असं आमच्या सीएंनी वर्ष संपताना सांगितलं. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं कस्टम्सकडे दिलेलं विवरणपत्र, सगळं इंग्रजीत, नेमकी चूक कुठल्या रकान्यात आहे ते कळत नाही. जानेवारीत कस्टम्सला ‘फरक परत करा’ असं पत्र दिलं, उत्तर नाही. ब्रोकर म्हणतो, आधी त्यात अमेंडमेंट, म्हणजे दुरुस्ती, करून घेऊ, त्यानंतर रिफंडला एक वर्ष मिळतं. आता मे उजाडला. रिफंडच्या अर्जात कारण काय लिहायचं?

उत्तर: ब्रोकर जे सांगतो आहे, तेच तुम्हाला बुडवणार आहे, म्हणून आधी तेवढंच. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम २७ प्रमाणे रिफंडचा अर्ज ड्युटी भरल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. बिल ऑफ एंट्रीत दुरुस्ती झाली, तर वर्ष दुरुस्तीच्या आदेशापासून मोजायचं, असा युक्तिवाद पूर्वी व्हायचा आणि त्यात काही दम होता. २०२५ च्या वित्त कायद्याने कलम २७ मध्ये स्पष्टीकरण घालून तो रस्ता बंद केला. कलम १४९ खालची दुरुस्ती असो किंवा नव्या कलम १८ए खालची सुधारित एंट्री असो, त्यातून निघणाऱ्या रिफंडचं वर्ष ड्युटी भरल्याच्या तारखेपासूनच चालू होतं. दुरुस्तीचा अर्ज टेबलावर पडून आहे म्हणून घड्याळ थांबत नाही.

तेव्हा तुमच्या बिल ऑफ एंट्रीवर सगळ्यात आधी एक तारीख शोधा. त्यावर तीन तारखा असतात आणि लोक हमखास चुकीची धरतात. एक बिल ऑफ एंट्री दाखल झाल्याची, दुसरी आउट ऑफ चार्जची, म्हणजे माल सुटल्याची. या दोन्ही तुमच्या कामाच्या नाहीत. पेमेंटच्या तपशिलात चलन क्रमांकासमोर जी तारीख आहे, ती तुमची. जोडलेल्या प्रतीवर मला तिथे २४ जून २०२५ दिसते. म्हणजे २३ जून २०२६ च्या आत अर्ज कस्टम्सच्या हातात आणि पोच तुमच्या हातात हवी. शेवटच्या आठवड्यावर विसंबू नका.

आता चुकीचा रकाना. दुसऱ्या भागात इनव्हॉइस आणि मूल्यांकनाचे रकाने आहेत. तिथे ‘टर्म’ म्हणून लहानसा रकाना आहे आणि त्यात एफओबी लिहिलेलं आहे. तुमच्या पुरवठादाराच्या इनव्हॉइसवर मात्र सीआयएफ न्हावा शेवा असं छापलेलं आहे. एफओबी म्हणजे किमतीत जहाजभाडं आणि विमा धरलेला नाही, सीआयएफ म्हणजे दोन्ही धरलेले आहेत. टर्म एफओबी पडली आणि भाड्याचा खरा आकडा दिला नाही, की मूल्यांकन नियम, २००७ च्या नियम १० प्रमाणे एफओबी किमतीच्या २० टक्के भाडं आणि १.१२५ टक्के विमा धरला जातो. शेजारचे ‘फ्रेट’ आणि ‘इन्शुरन्स’ हे रकाने बघा, तिथे नेमकं हेच प्रमाण उतरलं आहे. खरं भाडं कधी इतकं काटेकोर वीस टक्के येत नाही. कुठल्याही आयातदाराने आपल्या कागदावर हे प्रमाण पाहिलं, तर लगेच इनव्हॉइसची टर्म तपासावी.

तुमचा हिशेब करून देतो. रुपयांत इनव्हॉइसची किंमत ४०,००,००० होती आणि ड्युटी तेवढ्यावरच लागायला हवी होती. तिच्यावर भाडं म्हणून ८,००,००० आणि विमा म्हणून ४५,००० पुन्हा चढले, त्यामुळे ‘ॲसेसेबल व्हॅल्यू’च्या, म्हणजे ड्युटी ज्या किमतीवर लागते तिच्या, रकान्यात ४८,४५,००० दिसतात. फुगवटा ८,४५,००० चा. त्यावर ७.५ टक्के मूळ सीमाशुल्क ६३,३७५ रुपये, आणि त्या सीमाशुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार ६,३३७.५० रुपये. या सगळ्याच्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी, तो होतो १,६४,६४८.२५. सीएंनी तुम्हाला सांगितलेला दोन लाख चौतीस हजारांचा आकडा इथून आला.

पण तेवढे पैसे मागू नका. आयजीएसटीचं पूर्ण क्रेडिट तुम्ही जीएसटीत घेतलंय, हे तुमच्याच पत्रात आहे. जे क्रेडिट वापरून झालं ते कस्टम्सकडूनही रोख मागणं म्हणजे एकच पैसा दोनदा घेणं. त्या एका ओळीमुळे अख्खा अर्ज संशयाने वाचला जातो आणि रखडतो. मूळ सीमाशुल्क आणि अधिभार यांचं क्रेडिट मिळत नसतं, तुमच्या खिशातून गेलेली खरी रक्कम तीच. मागणी ६९,७१२.५० रुपयांची करा. अर्ज भरण्याआधी सीएंकडून क्रेडिटची नोंद तपासून घ्या, कारण क्रेडिट घेतलं नसेल तर हे चित्र बदलतं.

तुमच्या जानेवारीच्या पत्राबद्दल स्पष्टच सांगतो, ते वाया गेलं आहे. ड्युटी तुम्हीच स्वतः आकारून भरली होती. अशा स्व-आकारणीलाही आकारणीचा आदेशच मानायचं, आणि तो आदेश बदलल्याशिवाय रिफंड देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने आयटीसी लिमिटेडच्या खटल्यात सप्टेंबर २०१९ मध्ये ठरवून दिलं. सात वर्षं होत आली, तरी ‘चुकून जास्त भरले, कृपया परत करा’ अशी पत्रं आयातदार अजून लिहितात, आणि ती फायलीत पडून राहतात. अशा पत्राला कलम २७ खालचा अर्ज म्हणत नाहीत. ते वर्ष वाचवतंय या भरवशावर राहू नका. आता कागदांवर ‘अंडर प्रोटेस्ट’ लिहून काही साधेल का, हेही तुम्ही विचारलं आहे. निषेध नोंदवून भरलेल्या ड्युटीला एक वर्षाची अट नाही, हे खरं. पण निषेध भरताना नोंदवलेला हवा. अकरा महिन्यांनी लिहिलेल्या शब्दांनी तारीख मागे जात नाही.

आकारणी बदलायचे मार्ग तीन. कलम १२८ खालचं अपील साठ दिवसांत आणि सबळ कारण असेल तर आणखी तीस दिवसांत करता येत होतं, ते गेलं. उरले कलम १४९ आणि कलम १८ए. १८ए नवं आहे. त्यात तुम्ही स्वतः सुधारित एंट्री करता आणि रिफंड निघत असेल तर तीच एंट्री रिफंडचा दावा धरली जाते. तुमच्यासारख्या साध्या चुकीला हा सरळ मार्ग वाटतो. पण अधिकाऱ्याने त्या बिलाची फेरआकारणी केली असेल, किंवा ऑडिट सुरू असेल, तर तो खुला नाही, आणि तुमच्या प्रतीवरून मला ते ठरवता येत नाही. ब्रोकरकडून ते लेखी घ्या. तशी अडचण असेल, तर कलम १४९.

कलम १४९ मध्ये एकच शब्दप्रयोग सगळं ठरवतो. माल सुटला त्या वेळी अस्तित्वात असलेला कागदोपत्री पुरावा हवा. तुम्ही पुरवठादाराकडून या फेब्रुवारीत ‘आमची किंमत सीआयएफ होती’ असं पत्र आणवलंत आणि तेच अर्जाच्या माथ्यावर लावायला निघालात. ते बाजूला ठेवा. पुढे लावायचं मूळ इनव्हॉइस, ज्यावर टर्म छापलेली आहे, आणि बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती, ज्यावर ‘फ्रेट प्रीपेड’, म्हणजे भाडं आधीच भरलं, असा शिक्का आहे. हे दोन्ही कागद त्या वेळीच कस्टम्सच्या ई-संचित या ऑनलाइन यंत्रणेवर चढवलेले आहेत, त्यांचे क्रमांक तुमच्या बिल ऑफ एंट्रीच्या जोडपत्रांच्या यादीत आहेत. ते क्रमांक अर्जात द्या. कागद तेव्हा होता की नव्हता हा वाद तिथेच मिटतो. मूळ कागदच नसता, तर मी तुम्हाला अर्ज करू नका म्हणालो असतो.

आता कलम १४९ च्या मार्गाने गेलात, तर रिफंडच्या अर्जातली भाषा. ‘ग्राउंड्स’च्या रकान्यात ‘चूक’, ‘नजरचूक’, ‘सहानुभूती’ हे शब्द नकोत. चार गोष्टी सलग लिहा: अमुक क्रमांकाच्या बिल ऑफ एंट्रीत टर्म सीआयएफऐवजी एफओबी नोंदली गेली, त्यामुळे मूल्यात आधीच असलेलं भाडं आणि विमा पुन्हा मिळवला गेला, कलम १४९ खाली अमुक तारखेच्या आदेशाने ती नोंद दुरुस्त झाली, आणि त्या दुरुस्तीच्या परिणामी जास्तीची ठरलेली ड्युटी कलम २७ खाली परत मागतो आहोत. तो ‘परिणामी’, इंग्रजीत ‘कॉन्सिक्वेन्शियल’, गाळू नका. आयटीसीच्या निकालानंतर अर्ज त्याच्यावर उभा राहतो.

जूनच्या मध्यापर्यंत दुरुस्तीचा आदेश आला नाही तर? वाट पाहत बसू नका. आदेशाच्या जागी दुरुस्तीच्या अर्जाचा क्रमांक, तारीख आणि पोच लिहा, निर्णय प्रलंबित आहे हे उघड सांगा आणि रिफंडचा अर्ज मुदतीत दाखल करा. अपुरा आहे म्हणून कस्टम्स तो त्रुटी दाखवून परत करू शकतं, करेलही. तरी मुदतीत मागणी केल्याची पोच तुमच्याकडे राहते. उशिरा केलेल्या परिपूर्ण अर्जासाठी मला न्यायालयात बोलायला काही उरत नाही, आणि न्यायालयात गेलात तर तारखांमध्ये किती वर्षं जातील ते पुण्यातल्या कुठल्याही पक्षकाराला विचारा. एकोणसत्तर हजारांसाठी तो खर्च परवडणारा नाही.

शेवटचा रकाना, ड्युटीचा भार दुसऱ्यावर टाकला का हा. कायदा गृहीतच धरतो की तो तुम्ही गिऱ्हाइकावर टाकलात, खोडून काढायची जबाबदारी तुमची. मशीन तुम्ही विकलेलं नाही, वापरता आहात, एवढं नुसतं लिहिणं पुरत नाही. कारखान्यात वापरलेल्या वस्तूलाही हा प्रश्न लागू पडतो. ही रक्कम तुमच्या वह्यांत कशी दाखवली आहे ते अधिकारी पाहतो. ती मशीनच्या किमतीत धरून घसारा काढलेला असेल, तर अडचण येईल. सीमाशुल्क विभागाकडून येणं म्हणून वेगळी दाखवली असेल आणि सीएंचं तसं प्रमाणपत्र जोडलं असेल, तर बाजू बरी राहते. तुमचे सीए मार्चचा ताळेबंद अजून अंतिम करत असतील, तर याच आठवड्यात त्यांच्याशी बोला. ताळेबंदावर सही झाली की ही नोंद सुधारणं फार जिकिरीचं होतं.