‘उत्तर नाही’ आणि ‘दुर्लक्ष केलं’

“मॅडम, माझं आणि दादाचं सहा महिने व्हॉट्सॲपवर वाजतंय. तुमच्याकडे येण्याआधी चॅटचा सारांश द्यायचा आहे. पण मी लिहिलं तर दादा म्हणणार, तुझ्याच बाजूचं लिहिलंस. काय करू?”

असेच एक बहीणभाऊ माझ्याकडे आले होते. ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते. बहीण पुण्यात, भाऊ आईसोबत सांगलीला. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तिच्याजवळ ठेवलेल्या बाईच्या पगारावरून सुरू झालेलं बोलणं घराच्या हक्कसोडपत्रापर्यंत गेलं. बहिणीने दीड पान लिहून पाठवलं. त्यात होतं, ‘दादाने नेहमीप्रमाणे टोमणा मारला आणि अकरा दिवस माझ्याकडे दुर्लक्ष केलं.’

ती खोटं बोलत नव्हती, तिला तसंच लागलं होतं. पण ‘नेहमीप्रमाणे’, ‘टोमणा’ आणि ‘दुर्लक्ष’ हे तिन्ही शब्द चॅटमध्ये कुठेच नव्हते. मी तिला म्हटलं, तुम्हा दोघांना न ओळखणाऱ्या माणसाला स्क्रीनवर जे दिसेल तेवढंच लिहा. जिथे लागलं, तिथे दोघांचंही वाक्य जसंच्या तसं ठेवा, स्वतःचंसुद्धा. दुसऱ्या वेळी तिने लिहिलं ते असं :

‘४ मार्च : बहिणीने बाईच्या पगारातले ६,००० रुपये पाठवल्याचं कळवलं, औषधांच्या बिलांचे फोटो मागितले. भाऊ : “हिशेब मागायला बरी आठवण येते.” बहीण : “पैसे देते, तर विचारणारच.” त्यानंतर भावाचा एक मेसेज डिलीट केलेला दिसतो. १५ मार्चपर्यंत त्याचं उत्तर नाही. १५ मार्चला बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करणार नाही असं कळवलं. बिलांचे फोटो आलेले नाहीत.’

डिलीट केलेल्या मेसेजमध्ये काय असेल याचा अंदाज तिने लिहिला नाही, हे मला फार मोलाचं वाटलं.

मग तिने हा सारांश भावाला वाचायला पाठवला. त्याने एकही शब्द खोडला नाही. खाली ‘भावाचं म्हणणं’ असं लिहून दोन ओळी जोडल्या : ‘७ तारखेला मी साधा फोन केला होता, तिने उचलला नाही. बिलं नव्हती, औषधं मेडिकलवाल्याकडून उधारीवर आणत होतो.’ चॅटच्या सारांशाची मर्यादा इथे कळते. न उचललेला फोन आणि उधारीची लाज चॅटमध्ये उमटत नाहीत. म्हणून तुम्हीही दादाच्या दोन ओळींसाठी जागा सोडा, आणि त्या ओळींना हात लावू नका.

एक अपवाद मात्र आहे. चॅटमध्ये धमकी असेल, मारहाणीचा किंवा जीव देण्याचा उल्लेख असेल, तर सारांश करत बसू नका आणि आधी दादाला दाखवूही नका. ते मेसेज तसेच मला पाठवा आणि त्याच दिवशी फोन करा.

त्या दोघांच्या पहिल्या भेटीत हक्कसोडपत्राचा विषय निघालाच नाही. बहिणीने पहिलाच प्रश्न विचारला, “दादा, मेडिकलवाल्याचे किती द्यायचेत?”