दुकानात ठेवलेली पुस्तकं भिजली, नुकसान कोणाचं?

प्रश्न : मी नौपाड्यात राहते. स्वखर्चाने छापलेल्या माझ्या कथासंग्रहाच्या ४० प्रती जानेवारीत ठाण्यातल्या एका पुस्तकाच्या दुकानात दिल्या. किंमत २५० रुपये, दुकानाचं कमिशन ४० टक्के. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, "प्रती विक्रीस ठेवाव्यात, न विकल्या गेलेल्या सहा महिन्यांनी मी परत घेऊन जाईन." दुकानाने त्या पत्राच्या प्रतीवर शिक्का मारून पोच दिली. कामांमुळे मी ऑगस्टमध्ये गेले. मालक म्हणाले, १७ विकल्या, ९ शिल्लक आहेत, १४ पावसात भिजल्या, "माल तुमचा, नुकसान तुमचं." १७ प्रतींचे पैसेही दिले नाहीत. एक परिचित म्हणतात, मुदत संपली की माल दुकानाचा होतो, ४०च्या ४० प्रतींचे पैसे माग. खरं काय?

उत्तर : दोघांचंही अर्धंच खरं आहे.

तुमच्या परिचितांच्या मनात वस्तुविक्री कायदा, १९३० चं कलम २४ असावं. माल "पसंत पडला तर ठेवा, नाहीतर परत करा" या बोलीवर दिला असेल आणि घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत नकार कळवला नाही, तर मुदत संपताच मालकी त्याच्याकडे जाते आणि किंमत देणं त्याला भाग पडतं. पण तिथे घेणारा हा गिऱ्हाईक असतो, ठेवायचं की परत करायचं ते तो ठरवतो. तुमच्या पत्रात दुकानदार काहीच विकत घेत नाही. विक्रीवर कमिशन घेतो आणि उरलेला माल तुम्ही नेणार आहात. म्हणजे तो तुमचा विक्रीपुरता एजंट आणि मालाचा राखणदार. मुदत उलटल्याने मालकी बदललेली नाही, म्हणून ४० प्रतींची किंमत मागू नका. मागितलीत तर उरलेली खरी मागणीही पोकळ वाटेल.

आता दुकानदाराचं वाक्य. माल तुमचा, हे बरोबर. पण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ प्रमाणे दुसऱ्याचा माल सांभाळणाऱ्याने, साधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच मालाची घेईल तेवढी काळजी घ्यायला हवी. ती घेतली असेल तरच नुकसान तुमच्या माथी येतं, आणि घेतली होती हे दाखवायचं ओझं दुकानावर. म्हणून एक प्रश्न विचाराच : त्या पावसात दुकानाची स्वतःची पुस्तकं भिजली का? सगळ्या दुकानात पाणी शिरलं असेल तर तुमची बाजू लंगडी पडते. तुमचा गठ्ठा खाली जमिनीवर आणि त्यांचा माल फळीवर असेल, तर पारडं तुमच्याकडे झुकतं. भिजलेल्या प्रती टाकून देऊ देऊ नका. त्या कुठे ठेवल्या होत्या, त्या जागेचे फोटो घ्या. मुदतीनंतर तुम्ही नेल्या नाहीत, हा मुद्दा मात्र दुकानदार काढेल. पाणी जुलैच्या मुदतीआधी शिरलं की नंतर, हे म्हणूनच पक्कं करा.

१७ प्रतींबद्दल वादच नाही. एजंटने मागताक्षणी हिशोब द्यायचा (कलम २१३) आणि कमिशन वजा करून आलेले पैसे ज्याचा माल त्याला द्यायचे (कलम २१८). प्रतीमागे १५० रुपयांप्रमाणे २,५५० होतात. भिजलेल्या १४ प्रतींचे त्याच दराने २,१०० मागता येतील, पण तिथे दुकानदार छपाईखर्चावर येईल, आणि तडजोड होईल ती बहुधा तिथेच.

एवढ्या रकमेसाठी दावा लावू नका. स्पीड पोस्टने पत्र पाठवून १५ दिवसांत हिशोब, पैसे आणि ९ प्रती मागा. हिशोबाची लेखी मागणी पुढे मुदतीच्या प्रश्नातही उपयोगी पडते, कारण एजंटने नाकारल्यापासून दाव्याला तीन वर्षं मिळतात. उत्तर आलं नाही तर ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व लोकअदालतीसाठी अर्ज करा. ग्राहक आयोगाचा रस्ता नाही, दुकानाच्या तुम्ही ग्राहक नाही. पोलिसांची धमकी देऊ नका. नुसती उधारी थकवणं म्हणजे विश्वासघाताचा गुन्हा नव्हे, आणि धमकीने दुकानाचं दार मात्र कायमचं बंद होतं.

पुढच्या दुकानाला पत्र देताना ते एक विनम्र वाक्य काढा आणि हे घाला :

"सोबतच्या ४० प्रती माझ्याच मालकीच्या राहून, विक्रीसाठी आपल्याकडे ठेवत आहे. विकलेल्या प्रतींवर आपलं कमिशन छापील किमतीच्या ४० टक्के. दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत हिशोब आणि रक्कम द्यावी. न विकलेल्या प्रती ३० जूनपर्यंत मी नेईन. आपणही सात दिवसांची सूचना देऊन परत करू शकता. हरवलेल्या वा खराब झालेल्या प्रतींचे प्रत्येकी १५० रुपये दुकान देईल."

शेवटच्या वाक्यामुळे काळजी घेतली की नाही हा वादच उरत नाही. मालक ते खोडतील, तर खोडू द्या, पण खोडलेल्या जागी त्यांची सही घ्या. पोच घेताना नुसता शिक्का नको. मोजून घेतलेल्या प्रतींचा आकडा, तारीख आणि घेणाऱ्याचं नाव त्यांच्याच हाताने लिहून घ्या.