कोरम होता म्हणून मीटिंग वैध ठरते का? (प्रायव्हेट लिमिटेड, चार संचालक)

प्रश्न: आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, चार संचालक: मी, चुलतभाऊ, वहिनी आणि वडिलांचे जुने मित्र, ज्यांना आम्ही काका म्हणतो. मी मस्कतला असतो. 12 जून 2025 ला भावाचा व्हॉट्सअ‍ॅप आला, ‘शनिवारी ऑफिसात बसूया, थोडं बोलायचंय.’ मी येऊ शकत नाही असं कळवलं. काकांना तर काहीच सांगितलं नव्हतं. आता कळतंय की 14 तारखेला ‘बोर्ड मीटिंग’ होऊन भाऊ-वहिनींना 6,000 नवे शेअर दिले गेले आणि त्यांच्याच भागीदारी फर्मची शेड कंपनीने भाड्याने घेतली. कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणाचा ठरावही झाला. माझे 10,000 पैकी 3,000 शेअर होते. भाऊ म्हणतो, ‘दोघं हजर होतो, कोरम होता, मीटिंग कायदेशीर आहे.’ खरं आहे का?

उत्तर:

भावाचा कोरमचा, म्हणजे मीटिंगला लागणाऱ्या किमान हजेरीचा, आकडा बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. मी 22 वर्षं कंपनी सेक्रेटरी म्हणून काम करते आहे आणि घरच्या कंपन्यांमध्ये हा घोटाळा सारखा पाहते. लोक आधी डोकी मोजतात. खरं तर आधी बघायचं ते हे, की मीटिंग रीतसर बोलावली होती का. कोरम मोजायचा तो रीतसर बोलावलेल्या मीटिंगचा.

आकडा आधी संपवू. कंपनी कायदा 2013 च्या कलम 174 प्रमाणे एकूण संचालकांच्या एक तृतीयांश किंवा दोन, यांपैकी जे जास्त ते हवेत. चारचा एक तृतीयांश म्हणजे एक पूर्णांक आणि वर थोडं. अपूर्णांक पूर्ण धरायचा, म्हणून दोन. रिकाम्या जागा एकूण संख्येत धरत नाहीत. व्हिडिओवरून सामील झालेला संचालकही हजर धरला जातो, म्हणजे तुम्ही मस्कतहून मोजले गेला असता. समजा भाऊ एकटाच आला असता, तर मीटिंग आपोआप पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी, त्याच जागी गेली असती, म्हणजे 21 जूनला. दोघं होते, त्यामुळे ती वेळ आली नाही.

आता नोटीस. कलम 173(3) म्हणतं की प्रत्येक संचालकाला, कंपनीकडे नोंदवलेल्या त्याच्या पत्त्यावर, किमान सात दिवस आधी लेखी नोटीस गेली पाहिजे. ती हातोहात, टपालाने किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवता येते. ‘प्रत्येक’ या शब्दाला अपवाद नाही. संचालक परदेशी आहे, तो येणारच नाही हे माहीत आहे, त्याच्याशी बोलणं बंद आहे, यातलं एकही कारण चालत नाही. मी मोजताना पाठवल्याचा आणि मीटिंगचा असे दोन्ही दिवस सोडते, म्हणजे वाद उरत नाही. त्या हिशेबाने 14 जूनच्या मीटिंगची ईमेल 6 जूनपर्यंत निघायला हवी होती. रजिस्टर्ड पोस्ट, स्पीड पोस्ट किंवा कुरिअरने पाठवायची तर बोर्ड मीटिंगच्या कार्यपद्धतीचं जे सेक्रेटेरियल स्टँडर्ड-1 आहे त्यानुसार आणखी दोन दिवस, म्हणजे 4 जून. कलम 118(10) मुळे हे स्टँडर्ड पाळणं बंधनकारक आहे.

भाऊ म्हणेल, तातडीचं काम होतं, कमी मुदतीची नोटीस चालते. चालते, पण तातडीच्याच कामासाठी, आणि कमी मुदतीची असली तरी ती नोटीसच असावी लागते. मीटिंग कमी मुदतीत होत आहे हे तिच्यातच लिहावं लागतं. ‘शनिवारी बसूया’ या मेसेजमध्ये बोर्ड मीटिंग हा शब्द नाही, वेळ नाही, विषय नाहीत. तो नोंदवलेल्या ईमेलवर आलेला नाही. आणि तुम्हाला आलेला मेसेज क्षणभर नोटीस मानला तरी काकांना काहीच गेलेलं नाही. एवढी एक गोष्ट पुरेशी आहे. तुम्ही मस्कतहून दिलेल्या नकाराने काकांचा नोटीस मिळण्याचा हक्क जात नाही.

अजेंड्याबद्दल लोकांचा गैरसमज असतो. कलम 173 मध्ये अजेंडा हा शब्दच नाही, त्यामुळे ‘कायद्यात नाही, म्हणून लागत नाही’ असं ऐकवलं जातं. सेक्रेटेरियल स्टँडर्ड-1 मात्र अजेंडा आणि त्यावरच्या टिपा सात दिवस आधी पाठवायला सांगतं. अजेंड्यात नसलेला विषय अध्यक्षांच्या परवानगीने आणि हजर असलेल्यांच्या बहुमताने घेता येतो. स्वतंत्र संचालक असेल तर त्याचीही संमती लागते. ही सोय अचानक उपटलेल्या किरकोळ विषयासाठी आहे. शेअर वाटप तिच्या आडून करणं मला कधीच पटलेलं नाही.

शेडच्या बाबतीत अजेंडा थेट नियमातच आहे. फर्ममध्ये संचालक भागीदार असले की ती संबंधित पक्ष ठरते आणि कलम 188 लागतं. त्याखालच्या 2014 च्या नियमांतला नियम 15 सांगतो की संबंधित पक्षाचं नाव, नातं, कराराचा कालावधी, मुख्य अटी आणि किंमत कशी ठरवली हे अजेंड्यात उघड केलं पाहिजे. करार नेहमीच्या व्यवहारातला आणि बाजारभावाने असेल तर 188 लागत नाही, म्हणून शेडचं भाडं आजूबाजूच्या दराशी ताडून बघा.

याच ठरावावर कोरमचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो. दोघंही हितसंबंधी. पब्लिक कंपनीत त्या विषयापुरते ते कोरममध्ये धरलेच गेले नसते. प्रायव्हेट कंपन्यांना 2015 आणि 2017 च्या अधिसूचनांनी सवलत दिली आहे: हितसंबंध उघड केल्यावर असा संचालक भाग घेऊ शकतो आणि कोरममध्येही मोजला जातो. पण दोन अटी विसरल्या जातात. हितसंबंध आधी उघड करून त्याची मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या इतिवृत्तात, नोंद हवी. आणि कंपनीने वार्षिक हिशेब व वार्षिक विवरण कंपनी रजिस्ट्रारकडे, म्हणजे आरओसीकडे, भरण्यात कसूर केलेली नसावी, नाहीतर सवलतच मिळत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या, पोर्टलवर त्यासाठीचे AOC-4 आणि MGT-7 हे फॉर्म भरलेत का ते पाहा. शिवाय नियम 15 हितसंबंधी संचालकाला चर्चेच्या वेळी बाहेर जायला सांगतो. दोघं बाहेर गेले तर खोलीत कोणी उरतच नाही. प्रायव्हेट कंपनीची सवलत या नियमापर्यंत पोचते का, यावर वकील दोन्ही बाजूंनी भांडतील.

आता परिणाम. तिन्ही ठरावांचा परिणाम सारखा नाही.

कॅश क्रेडिटचा ठराव घेऊन बँकेने मर्यादेचं नूतनीकरण करून दिलं असेल आणि आतला घोळ तिला माहीत नसेल, तर तिचं सहसा काही बिघडत नाही. बाहेरच्या प्रामाणिक माणसाने कंपनीच्या आतली नोटीस तपासत बसावं अशी अपेक्षा नसते. भाऊ-वहिनी बाहेरचे नाहीत, मीटिंग त्यांनीच घेतली. त्यामुळे शेअर आणि शेड या दोन्हींसाठी त्यांना हा आडोसा मिळत नाही.

एका संचालकाला नोटीस नसेल तर त्या मीटिंगचा ठराव अवैध, हे सर्वोच्च न्यायालयाने परमेश्वरी प्रसाद गुप्ता विरुद्ध भारत सरकार या 1973 च्या निकालात सांगितलं आहे. पण निकालाचा दुसरा अर्धा भागही वाचा, तो तुमच्या विरुद्ध जाऊ शकतो. त्या प्रकरणात डिसेंबर 1953 मध्ये सदोष मीटिंगमध्ये जनरल मॅनेजरला काढलं, पण काही दिवसांनी रीतसर मीटिंगने त्या कारवाईवर शिक्कामोर्तब केलं. न्यायालयाने ते मान्य केलं आणि मंजुरी मूळ तारखेपासून लागू धरली. म्हणजे उद्या भाऊ सात दिवसांची नोटीस काढून जुने ठराव कायम करायला बघेल. ती नोटीस आली तर गप्प बसू नका. व्हिडिओवरून हजर राहा, विरोध करा आणि विरोध मिनिट्समध्ये नोंदवून घ्या.

शेअर वाटप मात्र अशा मंजुरीने सहजी सुटत नाही. नवे शेअर आधी सगळ्या भागधारकांना त्यांच्या प्रमाणात देऊ करायचे असतात (कलम 62). तुम्हाला असं पत्र आलेलं दिसत नाही. 3,000 शेअर 10,000 पैकी 30 टक्के होते, 16,000 पैकी ते पावणेएकोणीस टक्के होतात. विशेष ठराव अडवण्यासाठी एक चतुर्थांशाहून जास्त मतं लागतात, ती ताकद तुमच्या हातून गेली. डेल अँड कॅरिंग्टन प्रकरणात (2004) मॅनेजिंग डायरेक्टरने स्वतःलाच शेअर देऊन बहुमतवाल्याला अल्पमतात आणलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द केलं. संचालक विश्वस्तासारखा वागला का, हा तिथला मूळ प्रश्न होता. नोटिशीचा दोष त्याचा पुरावा म्हणून कामी येतो.

दाद मागायची जागा राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण, म्हणजे एनसीएलटी, कलम 241 खाली. त्यासाठी भाग भांडवलाचा दहावा हिस्सा असला तरी चालतो, तो तुमच्याकडे आहे. आरओसीकडे तक्रार जरूर करा, पण नोटीस न देणाऱ्या अधिकाऱ्याला 25,000 रुपये दंड होऊन वाटप तसंच राहू शकतं.

मिनिट्सबद्दल सावध राहा. नीट ठेवलेली मिनिट्स असतील तर उलट सिद्ध होईपर्यंत मीटिंग रीतसर झाली असं कलम 118(8) प्रमाणे धरलं जातं. म्हणजे पुराव्याचं ओझं तुमच्यावर येतं. अनेक वर्षांपूर्वी एका कंपनीची कागदपत्रं तपासताना मला फाइलमध्ये सुबक नोटीस मिळाली, सात दिवस आधीची तारीख, सह्या, सगळं. खाली टाचलेल्या कुरिअरच्या पावतीवर मात्र मीटिंगनंतर चार दिवसांची तारीख होती. नोटीस मागाहून तयार केली होती. तेव्हापासून मी नोटीस नंतर वाचते, पाठवल्याचा पुरावा आधी मागते.

आणखी एक भीती. सलग बारा महिने एकाही बोर्ड मीटिंगला न आलेल्या संचालकाचं पद कलम 167 खाली आपोआप जातं, रजा घेतली असली तरी. मागच्या वर्षभराच्या मिनिट्समध्ये तुम्हाला ‘गैरहजर’ लिहिलंय का ते बघा. नोटीस न देता गैरहजेरी मोजायची आणि मग संचालक बदलल्याचा DIR-12 फॉर्म भरून माणूस काढायचा, हे प्रकार होतात.

आज करायचं काम एवढंच: नोंदवलेल्या ईमेलवरून कंपनीला लिहा, काकांनाही वेगळं लिहायला सांगा. मजकूर साधा ठेवा: ‘14 जून 2025 च्या कथित बोर्ड मीटिंगची नोटीस मला मिळालेली नाही. नोटीस, ती पाठवल्याचा पुरावा, अजेंडा, हजेरीपत्रक आणि मिनिट्स यांच्या प्रती सात दिवसांत द्याव्यात. त्या मीटिंगमधले ठराव मला मान्य नाहीत.’ सोबत एमसीएवरून शेअर वाटपाचा PAS-3 फॉर्म उतरवून घ्या. त्याला जोडलेल्या ठरावावरची तारीख आणि मिळणाऱ्या मिनिट्समधली तारीख शेजारी ठेवून बघा.