पहिली परदेशवारी: ग्रुप टूर की स्वतः आखलेली?

"नाशिकहून आई-बाबांना घेऊन पहिल्यांदाच सिंगापूरला जायचंय. विमानतळाचीच धास्ती आहे. ग्रुप टूर घेऊ की स्वतः ठरवू?"

धास्ती विमानतळाची असेल तर ग्रुप टूरच घ्या, पण टूर मॅनेजर मुंबईहून सोबत उडणार का, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या. स्वस्त पॅकेजात तो कधीकधी सिंगापुरात उतरल्यावरच भेटतो, म्हणजे नेमका धास्तीचा भाग तुमच्याच गळ्यात. तो सोबत असला तरी मुंबईच्या इमिग्रेशन काउंटरवर तुमच्या वतीने बोलत नाही. हॉटेल बुकिंग आणि परतीचं तिकीट छापून जवळ ठेवा. मी दोन्ही प्रकारे जाऊन आलोय. आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर मात्र ग्रुपची सकाळची बस जाच होते. मग मुंबईहून थेट विमान आणि मेट्रोजवळचं एकच हॉटेल घेऊन स्वतः जा; विमानतळासाठी व्हीलचेअर मदत तिकीट काढतानाच मागा.